पाच बोटे, फेऱ्या पाच

बाळाच्या पहिल्या वर्षात सरकारी लसीकरणासाठी पाच वेळा जावे लागते: जन्मताच, दीड महिन्याने, अडीच महिन्यांनी, साडेतीन महिन्यांनी आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. वेळापत्रक एवढेच आहे. ते माता बाल संरक्षण कार्डावर छापलेले असते आणि अंगणवाडीच्या भिंतीवर अनेकदा रंगवलेलेही असते. तरीही फेऱ्या चुकतात, कारण कार्ड पेटीत राहते, भिंत रस्त्यापलीकडे असते आणि घरात रात्रंदिवस बाळाचेच चाललेले असते. अशा वेळी जे तोंडपाठ आहे तेच आठवते. म्हणून लसीकरण शिबिरात, माता बैठकीत किंवा बारशाच्या घरी आशाताईंनी आणि आरोग्यसेविकेने म्हणून दाखवायच्या यमकबद्ध ओळींना फार उपयोग असतो. मात्र त्या ओळी नीट बांधलेल्या हव्यात. एखादा शब्द सैल पडला, तर आई चुकीच्या दिवशी येते आणि लस न घेता परत जाते.

काय लक्षात ठेवायचे

ओळी रचण्याआधी त्यांत काय घालायचे आणि काय वगळायचे हे ठरवावे लागते. पाच फेऱ्यांत मिळून लसींची बरीच नावे येतात. जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. दीड महिन्याला पोलिओचे थेंब, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल आणि पोलिओचे इंजेक्शन. अडीच महिन्यांना फक्त पोलिओचे थेंब, पेंटाव्हॅलंट आणि रोटा. साडेतीन महिन्यांना दीड महिन्याच्याच पाचही लसी पुन्हा. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस आणि न्यूमोकोकलचा बूस्टर. त्यासोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. जपानी मेंदूज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत त्या आजाराची लसही याच फेरीत मिळते.

ही सारी नावे आईने पाठ करण्याची गरज नाही. कोणती लस कोणत्या मांडीत आणि कोणती दंडात द्यायची, हे आरोग्यसेविकेचे काम आहे. आईला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कधी यायचे आणि आल्यावर साधारण काय होणार.

नावे ओळींत न घालण्याचे आणखी एक कारण आहे. लसी बदलत राहतात. देशाचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. त्यात 2011 पासून टप्प्याटप्प्याने पेंटाव्हॅलंट आली. 2016 पासून रोटा आली. 2017 पासून न्यूमोकोकल आली आणि नुसत्या गोवराच्या लसीची जागा गोवर-रुबेलाने घ्यायला सुरुवात केली. जानेवारी 2023 पासून पोलिओच्या इंजेक्शनाचा तिसरा डोस नऊ महिन्यांच्या फेरीत आला. या सगळ्या बदलांत फेऱ्यांची वये मात्र तीच राहिली. नव्या लसी जुन्या फेऱ्यांतच बसवल्या गेल्या. जी ओळ वयावर बांधलेली असते ती टिकते. लसींच्या यादीवर बांधलेली ओळ थोड्या वर्षांत जुनी होते आणि घराघरांत मात्र तशीच म्हटली जाते.

यादीऐवजी आकडा सांगता येतो. पाच फेऱ्यांतील लसी मोजल्या तर तीन, पाच, तीन, पाच, तीन असा क्रम येतो. तो सहज लक्षात राहतो आणि त्याचा एक खास उपयोग आहे. दीड महिन्याच्या बाळाला एकाच वेळी तीन इंजेक्शने आणि दोन प्रकारचे थेंब दिले जातात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडात पोलिओची लस. आईला हे आधी माहीत नसेल तर दुसरी सुई पाहूनच ती बाळाला छातीशी धरून उठते. पाच लसी आहेत हे आधीच ऐकलेले असेल, तर ती तयारीने येते.

कोणत्या चालीत बांधायचे

पाठांतरासाठी मराठीत चाली तयार आहेत. पाळणा हा त्यांतला सर्वांत जवळचा. पारंपरिक पाळण्यात पहिला दिवस, दुसरा दिवस असा एकेका दिवसाचा क्रम लावत बाराव्या दिवसापर्यंत जातात. म्हणजे बाळाचे वय मोजत पुढे सरकणारे गाणे बायकांच्या कानांना नवे नाही. त्याच रीतीने दिवसांऐवजी महिने मोजायचे, एवढाच फरक.

छंदाच्या दृष्टीने लहान अभंग सोयीचा आहे. त्यात दोन चरण असतात. प्रत्येक चरणात आठ अक्षरे येतात आणि दोन्ही चरणांच्या शेवटी यमक जुळते. जोडाक्षर एकच अक्षर म्हणून मोजतात. लघू-गुरूचा हिशेब नसल्याने ‘दीड महिना’, ‘साडेतीन’ असे बोलीतले शब्द न मोडता बसतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात आणि यमक मधल्या दोन चरणांत येते. तो ऐकायला गोड असला, तरी घाईत म्हणताना शेवटचा आखूड चरण गळतो. शिबिरात नेमका त्याच शेवटच्या चरणात महिना असेल तर पंचाईत होते.

लहान अभंगाच्या मापाने पहिल्या वर्षाच्या फेऱ्या अशा बांधता येतात:

पाच बोटे, फेऱ्या पाच । वर्षाआत पुऱ्या त्याच ॥
बाळ आले जगामधी । तीन लसी घराआधी ॥
दीड महिना भरला । पहिला डोस ठरला ॥
अडीच महिने होता । दुसऱ्याची वेळ आता ॥
साडेतीन महिन्याला । तिसराही डोस झाला ॥
उष्टावण झाले घरी । नवाची राहिली फेरी ॥
नऊ महिने भरू द्या । मग गोवर-लस घ्या ॥
वाढदिवसाच्या आत । पाचवी खूण कार्डात ॥
झाला उशीर तरी या । राहिलेले तेथून घ्या ॥

प्रत्येक फेरीला एक जोडी आहे आणि मधे दोन-तीन जोड्या सांधण्यासाठी आहेत. म्हणताना आशाताईंनी हाताचे एकेक बोट मिटावे, म्हणजे कुठे पोचलो ते आईला दिसते. पाचवे बोट मिटेपर्यंत वर्ष पुरे झालेले नसते, हे पहिल्याच ओळीत सांगितलेले आहे.

दुसरी जोडी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी आहे. ‘तीन लसी घराआधी’ म्हणजे दवाखान्यातून सुट्टी मिळण्याआधी. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो. आईच्या रक्तातून बाळंतपणाच्या वेळी बाळाकडे जाणारा संसर्ग रोखण्यासाठी हा डोस असतो आणि वेळ गेली की त्याचा उपयोग कमी होतो. पोलिओचा शून्य डोस पहिल्या 15 दिवसांपर्यंत देता येतो आणि बीसीजी वर्षाच्या आत केव्हाही. बाळंतपण घरी झाले तर ओळीतला ‘घर’ हा शब्द कामाचा राहत नाही. तेव्हा आशाताईंनी त्याच दिवशी आरोग्यसेविकेला कळवायचे असते.

भरला आणि लागला

या ओळींत सर्वांत जपून वापरलेला शब्द ‘भरला’ हा आहे. बाळाच्या वयाबद्दल आपण दोन प्रकारे बोलतो. आठ महिने पूर्ण झालेल्या बाळाला ‘नववा लागला’ म्हणतात आणि नऊ महिने पूर्ण झालेल्यालाही पुष्कळदा ‘नऊ महिन्यांचे’ म्हणतात. दोन्हींत एका महिन्याचे अंतर आहे. ओळ ‘नवव्या महिन्यात गोवर’ अशी रचली, तर आई बाळाला नववा लागल्यावर, म्हणजे आठव्या महिन्याच्या शेवटी घेऊन येईल. त्या दिवशी लस मिळणार नाही.

यामागे कारण आहे. गर्भात असताना आईच्या रक्तातली गोवरविरोधी प्रतिद्रव्ये बाळात उतरतात. ती बाळाचे काही महिने रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीतल्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. लस फार लवकर टोचली तर बाळाचे शरीर ती शिकण्याआधीच आईची प्रतिद्रव्ये तिला संपवतात. नऊ महिन्यांपर्यंत ही प्रतिद्रव्ये बरीच ओसरलेली असतात. तरीही काही बाळांत पहिला डोस पुरता लागू पडत नाही आणि म्हणूनच 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस ठेवलेला आहे. साथ असेल तेव्हा वेगळा निर्णय होतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा जास्त रुग्ण असलेल्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्यात आला. असा डोस नेहमीच्या दोन डोसांत मोजत नाहीत, म्हणून त्या बाळांनाही नऊ महिने भरल्यावर पुन्हा यायचेच असते.

दीड महिन्याच्या फेरीतही असाच घोटाळा होतो. कार्डावर ती फेरी ‘6 आठवडे’ अशी असते, म्हणजे 42 दिवस. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने बाहेर पडते. सव्वा महिना म्हणजे साधारण 38 दिवस. घरातल्या मोठ्या बायका सव्वा महिना झाला की देवाला आणि दवाखान्याला एकाच दिवशी नेतात आणि बाळ चार दिवसांनी लहान भरते. म्हणून ओळीत ‘सव्वा’ हा शब्द कितीही चपखल बसला तरी घालू नये. ‘दीड महिना भरला’ म्हटले की बाळ साधारण 45 दिवसांचे होते आणि 42 दिवसांची अट आपोआप पुरी होते.

पहिल्या तीन फेऱ्यांतले अंतरही किमान चार आठवड्यांचे, म्हणजे 28 दिवसांचे असावे लागते. दीड, अडीच, साडेतीन या शब्दांतच एकेका महिन्याचे अंतर बसलेले आहे, त्यामुळे ओळींत ते वेगळे सांगावे लागत नाही. आरोग्यसेविकांच्या रोजच्या बोलण्यातही हेच शब्द असतात.

एका बाळाच्या तारखा

ओळी पाठ झाल्या तरी त्या आपल्या बाळाच्या तारखांना लावता आल्या पाहिजेत. एक उदाहरण घेऊ. बाळाचा जन्म आईच्या माहेरी, सोमवार, 3 मार्च 2025 रोजी झाला. आठवड्यांनी मोजताना वार बदलत नाही. सोमवारी जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे सोमवारीच पुरे होतात, म्हणजे 14 एप्रिलला. दहा आठवडे सोमवारी, 12 मे रोजी आणि चौदा आठवडे सोमवारी, 9 जूनला. आईला जन्माचा वार ठाऊक असतोच, त्यामुळे आशाताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने सोमवार मोजत नेऊ शकतात.

माहेरच्या गावात लसीकरण सत्र दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी होते असे धरू. एप्रिलचा दुसरा मंगळवार 8 तारखेला येतो. त्या दिवशी बाळ 36 दिवसांचे असते. सव्वा महिना जवळजवळ झालेला, पण सहा आठवडे नाहीत. या दिवशी लस मिळत नाही. गावातले पुढचे सत्र 13 मेला आणि तोवर बाळ 71 दिवसांचे होईल. पहिलाच डोस चार आठवडे मागे पडतो.

ते टाळायचे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथे दर बुधवारी लसीकरण असेल, तर 16 एप्रिल हा दिवस मिळतो. बाळ 44 दिवसांचे असते आणि पहिला डोस वेळेवर होतो. पण इथे पुढची अडचण दडलेली आहे. आईला वाटते, दुसरा डोस आता गावातच 13 मेला घेऊ. 16 एप्रिलपासून 13 मेपर्यंत 27 दिवस होतात. एक दिवस कमी पडतो आणि आरोग्यसेविका डोस देत नाही. म्हणून दुसरा डोसही केंद्रातच, 14 मेच्या बुधवारी घ्यावा. तिसरा डोस 11 जूनच्या बुधवारी, तेव्हा बाळ 100 दिवसांचे असते. चौदा आठवडे 98 दिवसांत पुरे झालेले असतात, त्यामुळे तोही वेळेवर होतो.

यातून आशाताईंना एक सोपा नियम मिळतो. एकाच ठिकाणच्या एकाच ठरलेल्या वारी येत राहिले, तर 28 दिवसांची अट कधी मोडत नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारपासून पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत 28 किंवा 35 दिवसच असतात. घोटाळा होतो तो दोन ठिकाणची सत्रे मिसळल्याने. त्यामुळे ओळ म्हणून झाल्यावर लगेच पुढची तारीख कार्डावर लिहून ती मोठ्याने वाचून दाखवायची असते. ओळ महिना सांगते, तारीख कार्ड सांगते.

जूनअखेर आई बाळाला घेऊन सासरी येते. माहेरच्या आरोग्यसेविकेच्या यादीतून बाळ निघून जाते आणि सासरच्या यादीत त्याचे नाव अजून आलेले नसते. पुढची फेरी नऊ महिन्यांची. नऊ महिने 3 डिसेंबर 2025 ला भरतात. सासरच्या गावात सत्र तिसऱ्या गुरुवारी असेल, तर नोव्हेंबरचे सत्र 20 तारखेला. त्या दिवशी बाळाला नववा लागलेला असतो, वय आठ महिने सतरा दिवस. ‘नवव्या महिन्यात’ असे ऐकलेली आई याच दिवशी येईल आणि परत जाईल. ‘नऊ महिने भरू द्या’ असे ऐकलेली आई 18 डिसेंबरच्या सत्राला येईल. पाचवी खूण कार्डात पडते आणि वाढदिवसाला अजून अडीच महिने उरलेले असतात.

साडेतीन ते नऊ

पाच फेऱ्यांतील सर्वांत लांब अंतर साडेतीन महिने आणि नऊ महिने यांच्यामधले आहे. साडेपाच महिने एकही फेरी नाही. आधीच्या तीन फेऱ्या महिन्याच्या अंतराने आल्याने घराला सवय लागलेली असते आणि मग ती तुटते. याच काळात बाळंतीण माहेरून सासरी येते, शेतीची किंवा मजुरीची कामे सुरू करते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यामुळे पेंटाव्हॅलंटचे तीन डोस झालेली, पण गोवराच्या लसीला न आलेली बाळे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या नोंदीत वेगळी मोजली जातात.

गाण्याच्या बाबतीतही हीच जागा कच्ची असते. दीड, अडीच, साडेतीन ही तालबद्ध मालिका कानाला इतकी भरते की ती तिथेच संपल्यासारखी वाटते. म्हणून नमुन्यात साडेतीन आणि नऊ यांच्यामध्ये उष्टावणाची जोडी घातली आहे. सहा महिने झाले की बाळाला वरचे अन्न सुरू करतात आणि बहुतेक घरांत उष्टावणाचा छोटा समारंभ होतो. तो दिवस आई विसरत नाही. त्या दिवसाला पुढच्या फेरीची आठवण बांधली की मधल्या काळात एक खुंटी मिळते. उष्टावणाला बायका जमतात, तेव्हा आशाताईंना ही जोडी पुन्हा म्हणून घेता येते.

तोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी ओळीला एक जोड तोंडी द्यावी लागते. लस कोणत्याही गावच्या सत्रात मिळते, त्यासाठी आपल्याच गावी परतण्याची गरज नाही. कार्ड बरोबर न्यावे म्हणजे फडाजवळच्या गावातली आरोग्यसेविका आधीचे डोस पाहून पुढचा देऊ शकते.

राहून गेलेली फेरी

‘झाला उशीर तरी या’ ही जोडी शेवटी ठेवली आहे, पण प्रत्यक्षात तिची गरज सर्वांत जास्त पडते. फेरी चुकलेली आई दोन कारणांनी येत नाही. एक म्हणजे नर्सबाई रागावतील ही धास्ती. दुसरे म्हणजे आता सगळे पहिल्यापासून घ्यावे लागेल हा गैरसमज. दोन डोसांमध्ये कितीही दिवस गेले तरी आधीचा डोस वाया जात नाही. जिथे थांबले तिथून पुढे सुरू करायचे असते. बाळाने दीड महिन्याचा डोस घेऊन दुसरा थेट सहाव्या महिन्यात घेतला, तर तो दुसराच मोजला जातो आणि तिसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी. उशीर झाल्याने फायदा कमी होतो तो एवढाच की मधल्या काळात बाळ असुरक्षित राहते.

रोटाला मात्र वयाची मर्यादा आहे. तिचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झालेला असावा लागतो. बीसीजीही वर्षाच्या आतच. ‘वर्षाआत पुऱ्या त्याच’ हे पहिल्या ओळीतले शब्द म्हणूनच नुसते यमकासाठी नाहीत.

किरकोळ सर्दी, खोकला किंवा हलका ताप असेल म्हणून फेरी टाळण्याचे कारण नसते. बाळाला घेऊन सत्राला यावे, तपासून आरोग्यसेविका ठरवते. पल्स पोलिओच्या दिवशी दारात येऊन दिलेले दोन थेंब हेही फेरीची जागा घेत नाहीत. ते नेहमीच्या डोसांखेरीज असतात. पल्स पोलिओच्या मोहिमेने घराघरांत दोन थेंबांची आठवण पक्की केली, पण त्यामुळे ‘आमच्या बाळाला पाजले की’ असे सांगून दीड महिन्याची फेरी सोडणारे पालकही भेटतात. त्यांना पाच बोटे मोजून दाखवली की फरक कळतो.

ओळींबाहेर काय ठेवायचे

सगळेच यमकात सांगता येत नाही आणि सांगूही नये. लसीनंतरच्या त्रासाबद्दलची माहिती ओळीत घातली की ती अपुरी राहते आणि अपुरी माहिती इथे धोक्याची ठरते. ‘ताप येतो, ताप जातो’ अशी ओळ कानाला सोपी वाटेल, पण ती ऐकून एखादी आई तिसऱ्या दिवशीचा तापही घरीच काढील. म्हणून हे बोलूनच सांगायचे असते. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप, टोचलेल्या जागी सूज आणि किरकिर असू शकते. तापासाठी आरोग्यसेविका पॅरासिटामॉल देते आणि बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा सांगते. सूज चोळायची नाही. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, बाळ सतत न थांबता रडले, झटके आले किंवा अंगावर एकाएकी गांधी उठल्या, तर लगेच दवाखाना. लस घेतल्यावर अर्धा तास सत्राच्या जागीच थांबायचे, कारण तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण झाली तर पहिल्या काही मिनिटांत दिसते.

बीसीजीबद्दलही तोंडीच सांगणे बरे. डाव्या दंडावर टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तिथे लहान गाठ येते, ती फुटून पाणी किंवा पू येतो आणि हळूहळू व्रण राहतो. लस काम करत असल्याची ही नेहमीची चाल आहे. त्यावर हळद, मलम किंवा पट्टी लावायची नाही. हे आधी सांगितले नाही, तर नेमकी दीड महिन्याच्या फेरीच्या सुमारास आई तो पू पाहते आणि पुढच्या लसींना घाबरते.

खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या पालकांनाही ओळी उपयोगी पडतात, पण पुऱ्या पडत नाहीत. त्यांच्या वेळापत्रकात काही लसी जास्त असतात आणि मधल्या महिन्यांत जादा फेऱ्या येतात. अशा पालकांनी डॉक्टरांनी दिलेल्या कार्डालाच धरून चालावे.

म्हणून घेणे

शिबिरात ओळी भोंग्यावरून लावल्या तर त्या ऐकल्या जातात, पाठ होत नाहीत. पाठ होण्यासाठी म्हणून घ्याव्या लागतात. आशाताईंनी पहिला चरण म्हणायचा आणि आईने दुसरा पुरा करायचा, ही जुनी रीत इथे चांगली चालते. ‘दीड महिना भरला’ म्हणून थांबले की समोरून ‘पहिला डोस ठरला’ आले पाहिजे. आजी आणि वडील समोर असतील तर त्यांनाही म्हणायला लावावे, कारण सत्राच्या दिवशी बाळाला कोण नेणार हे पुष्कळदा तेच ठरवतात.

पाठ झाल्याची खरी तपासणी ओळ बरोबर म्हणण्यात नाही. ‘ताई, मग तुमच्या बाळाचे नऊ महिने कधी भरतात?’ असे विचारावे. आईने तारीख किंवा निदान सण सांगितला, ‘दत्तजयंतीच्या आसपास’ असे म्हटले, तरी ओळ तिच्या बाळाला लागू झाली असे समजावे. ती नुसती ओळच पुन्हा म्हणाली, तर कॅलेंडर पुढे घेऊन एकदा मोजून दाखवावे लागते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या गावांत ओळी त्या बोलीत वळवायला हरकत नाही. बदलताना वयाचे शब्द आणि ‘भरला’चा अर्थ तेवढा तपासून घ्यावा, मग यमक थोडे सैल झाले तरी चालते.

गाणे आईकडे असते, तशी नोंद आरोग्यसेविकेकडे असते. कार्डाचा अर्धा भाग फाडून ती महिन्यांच्या कप्प्यांच्या पिशवीत, बाळाची पुढची फेरी ज्या महिन्यात येते त्या कप्प्यात ठेवते. महिना संपताना कप्प्यात उरलेली कार्डे म्हणजे न आलेली बाळे. त्यांची यादी आशाताईंकडे जाते आणि त्या त्या घरी जातात. ज्या घरी ओळी पाठ आहेत, तिथे दारात उभे राहून एक चरण म्हटला तरी पुरतो.

पहिले वर्ष पाचव्या फेरीने संपते, लसीकरण संपत नाही. 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओच्या थेंबांचा बूस्टर असतो. पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर. या फेऱ्या पहिल्या वर्षाच्या ओळींत कोंबल्या तर पाच बोटांचा हिशेब बिघडतो. त्यामुळे पाचवी खूण पडली की त्याच दिवशी, कार्ड आईच्या हातात देताना, पुढची एक जोडी वेगळी शिकवावी:

दीड वर्ष झाले पुरे । बूस्टरचे काम उरे ॥